आरोपीची मनःस्थिती : आजची आणि घटनेच्या दिवशीची

मी सरकारी मनोरुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. न्यायालयाने निरीक्षणासाठी पाठवलेल्या एका आरोपीच्या तपासणीविषयी, त्याची ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहीत आहे. पस्तिशीतल्या या शेतकऱ्याने शेजाऱ्यावर कोयत्याने वार केला होता. शेजारी वाचला आणि खुनाच्या प्रयत्नाचा खटला सत्र न्यायालयात उभा राहिला. आदेशात एवढेच विचारले होते की, सदर आरोपी मानसिकदृष्ट्या सक्षम आहे किंवा कसे.

या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. आज उभ्या असलेल्या खटल्यात हा माणूस स्वतःचा बचाव करू शकतो का, हा पहिला प्रश्न. तो तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 329 खाली येई, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 368 खाली येतो. कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्याला कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे, बेकायदा आहे हे कळण्याची क्षमताच नव्हती का, हा दुसरा. तो दंड संहितेच्या कलम 84 चा, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या कलम 22 चा विषय. आम्ही न्यायालयाला पत्र लिहून विचारणा केली, तेव्हा तूर्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवे असल्याचे कळले.

पहिल्याच भेटीत मी त्याला सांगितले की, तो माझ्याशी जे बोलेल ते न्यायालयापुढे जाऊ शकते. हे न सांगता मुलाखत घेणे मला अन्यायाचे वाटते, कारण रुग्णालयात समोर बसलेली व्यक्ती उपचारासाठीच आहे असे माणूस सहज धरून चालतो. न्यायाधीश काय करतात, सरकारी वकील कोणाच्या बाजूने बोलतात, आपल्यावर आरोप काय आहे, या प्रश्नांची उत्तरे त्याने अचूक दिली. मात्र स्वतःच्या वकिलांविषयी विचारताच तो आवाज खाली आणून म्हणाला, “त्यांना शेजाऱ्यानंच पाठवलंय, मॅडम. त्यांना काही सांगितलं तर पाण्याचा पुरावा नाहीसा होईल.” शेजारी आपल्या टाकीत विष सोडतो, अशी त्याची पक्की समजूत होती. न्यायालयाचे कामकाज त्याला ठाऊक होते. आपल्या वकिलाला विश्वासाने माहिती देणे त्याला शक्य नव्हते, आणि बचावाची क्षमता ठरते ती इथेच.

हे सोंग नसेल कशावरून, ही शंका घ्यावीच लागते. सोंग करणारा बहुधा तपासणाऱ्यासमोर लक्षणांची रेलचेल करतो आणि पाठ फिरली की सैलावतो. इथे परिचारिकांच्या नोंदी नेमके उलट सांगत होत्या: कोणी पाहत नसताना, रात्री, तो नळाचे पाणी वारंवार हुंगून ओतून देई. मनोविकारतज्ज्ञांचे निदानही तेच होते. तूर्त अक्षम, असा अहवाल गेला आणि खटला स्थगित झाला. काही महिन्यांच्या औषधोपचारानंतर तो वकिलांशी मोकळेपणाने बोलू लागला, फेरतपासणीत सक्षम ठरला आणि खटला पुन्हा सुरू झाला.

बचाव पक्षाने मग मनोविकलतेचा मुद्दा मांडला आणि दुसरा प्रश्न आमच्याकडे आला. आता माणूस बरा दिसत होता आणि उत्तर मात्र मागच्या एका दिवसाचे हवे होते. घटनेनंतर इतक्या काळाने केलेली कोणतीही मानसशास्त्रीय चाचणी त्या दिवशीचे मन दाखवू शकत नाही, म्हणून मी कागदपत्रांकडे वळले. घटनेच्या आधी त्याने बाटलीत पाण्याचा नमुना भरून ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. त्याच्या पोचपावतीवर तारखेचा शिक्का होता. अटकेच्या भीतीने रचलेली ही कहाणी नव्हती, हे त्या शिक्क्यावरून कळत होते. मात्र शेजाऱ्याचा मुलगा कामावर जाईपर्यंत तो थांबला होता, हे साक्षीदाराच्या जबाबात होते. आणि “पोलीस मला नेतील, पण मग पाणी तरी तपासतील,” असे वार करण्यापूर्वी तो बायकोला म्हणाला होता.

म्हणजे आजार निश्चित होता आणि कृत्य आजारातूनच घडले होते, तरी ते कायद्याविरुद्ध आहे हे त्याला कळत होते. वैद्यकीय आजार आणि कायद्यातील मनोविकलता यांतले अंतर मला इथे सर्वाधिक बोचले. अहवालात मी दोन्ही बाजूंच्या नोंदी लिहिल्या आणि ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ या दिशेने एकही शब्द लिहिला नाही. तो निर्णय न्यायालयाचाच आहे.

उलटतपासणीत सरकारी वकिलांनी विचारले, “घटनेच्या वेळी तुम्ही हजर होता का?” मी नाही म्हटले, आणि कोणती नोंद घटनेपूर्वीची व कोणती नंतरची, हे क्रमाने सांगितले. असा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी त्याला तो संभाव्यतेच्या पातळीवरच पेलायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये दह्याभाई ठक्कर प्रकरणात स्पष्ट केले आहे. इथे बायकोजवळ काढलेले ते उद्गार निर्णायक ठरले. न्यायालयाने आजार मान्य केला, कलम 84 चा बचाव नाकारला, शिक्षा ठरवताना आजार विचारात घेतला आणि कारागृहात औषधे चालू ठेवण्याचा आदेश दिला.