परागीभवनाचा खेळ : पावडर मुलांच्या नकळत लागायला हवी

पाचवीच्या वर्गात हा खेळ घेताना मी भोपळा आणि काकडी ही दोनच पिकं ठेवते. दोन्हींत नर आणि मादी फुलं वेगळी असतात, त्यामुळे पराग एका फुलातून दुसऱ्यात का जायला हवा हे वेगळं समजवावं लागत नाही.

प्रत्येक पिकाची चार नर आणि दोन मादी फुलं करायची. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा घेऊन त्याभोवती पिवळ्या कार्डशीटच्या पाकळ्या चिकटवायच्या. मधोमध बोटाएवढी कागदी सुरळी उभी करायची. नर फुलात सुरळीवर कापूस गुंडाळून त्याला अर्धा चमचा पावडर चोळायची. मादी फुलात पावडर नाही; तिथे सुरळीच्या टोकाला दुहेरी चिकटपट्टीचे तीन तुकडे लावायचे, कारण या फुलांच्या कुक्षीला साधारण तीन पाळ्या असतात. सगळ्या डब्यांच्या तळाशी हरभरे, म्हणजे मकरंद.

भोपळ्यासाठी तांदळाच्या पिठीत हळद मिसळते. काकडीसाठी खाण्याचा गुलाबी रंग थोड्या पाण्यात कालवून पिठीला चोळायचा, सावलीत वाळवून चाळायचं. खरे पराग दोन्हींचे पिवळसरच असतात, हे मुलांना खेळ संपल्यावर सांगावं. गुलाल नको, तो डोळ्यांत जातो. दम्याचं मूल असेल तर त्याला नोंदी ठेवायला द्यावं आणि खेळ उघड्यावर, वारा नसताना घ्यावा.

मुलांच्या एका हातात लोकरी मोजा घालायचा. मधमाशीच्या अंगावरच्या केसांचं काम तो करतो. सुती मोज्यावर पावडर कमी टिकते. सूचना एकच: "प्रत्येक फुलातून एक हरभरा आणा." पावडरीचा उल्लेखही करायचा नाही. "पराग पोहोचवा" असं म्हटलं की मुलं मोजा मुद्दाम पट्टीवर घासतात आणि खेळाचा गाभाच जातो. माशी येते मकरंदासाठी नाहीतर परागाच्या खाऊसाठी; परागीभवन जाता जाता होतं.

पहिल्या फेरीत प्रत्येक मुलाने एकाच पिकाच्या सहा फुलांवर जायचं, कारण मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. दुसऱ्या फेरीत पट्ट्या आणि मोजे बदलून कुठेही जाण्याची मोकळीक द्यायची. मग पट्ट्या शेजारी ठेवून पाहायच्या. पहिल्या फेरीच्या पट्ट्या एकरंगी असतात, दुसरीच्या मिश्र. भोपळ्याच्या पट्टीवरची गुलाबी पावडर वाया गेलेली: काकडीच्या परागाने भोपळा धरत नाही.

पट्टी कोरी राहिली तर ते मूल नर फुलावर जाण्याआधीच मादी फुलावर गेलं होतं का, ते विचारावं. तीनपैकी एकच तुकडा रंगला असेल तर मुलांना वाकडी काकडी काढायला सांगते. पराग अपुरा पडला की काही बिया धरत नाहीत आणि फळाची त्या बाजूची वाढ खुंटते.

एक गोष्ट या खेळात दिसत नाही. खरी माशी अंगावरचे बरेचसे पराग विंचरून मागच्या पायांवरच्या परागपिशव्यांत भरते आणि पोळ्यात नेते. फुलाच्या वाट्याला येतात ते विंचरताना राहून गेलेले.