आभाळ निळे होते, अंगण होत नाही

“आभाळ तेवढं निळं करून द्यायचं, त्याला एवढे दिवस कशाला लागतात?”

चित्रीकरणातले आभाळ बदलून मागणारे मला हे विचारतातच. आभाळ बदलणे हे काम तासाभराचेच आहे, हे मी आधीच मान्य करतो. ढगाळ आभाळात वेगळा काढण्याजोगा रंग नसतो, म्हणून क्रोमा की चालत नाही. पण बहुधा तोच चित्रातला सर्वांत उजळ भाग असल्यामुळे ल्युमा की लावून उजेडाच्या पातळीवर तो वेगळा करता येतो. दिवस जातात ते आभाळाखाली जे काही असते त्यावर.

कोकणातल्या एका निवासाचे चित्रीकरण ऐन पावसाळ्यात झाले होते: कौलारू घर, चुन्याची पांढरी भिंत, मागे माड आणि पुढे जांभ्याचे ओले अंगण. मालकांना डिसेंबरचे गडद निळे आभाळ हवे होते. उजेडाची पातळी दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर आभाळ ९० टक्क्यांच्या आसपास होते आणि भिंत ८० च्या, त्यामुळे भिंत वाचवावी तर झावळ्यांमधले आभाळ तसेच राही, आणि ते काढावे तर भिंतीलाच भोके पडत. भिंतीभोवती मास्क घालून तेवढे सुटले. झावळ्यांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये मात्र थोडे पान आणि थोडे करडे आभाळ मिसळलेले असते, आणि मागे गडद निळा येताच त्या करड्याची पांढरी किनार होते. ती खरवडली की पाती झिजतात आणि वाऱ्यात लुकलुकतात.

त्याहून अधिक छळले ते सावलीने. गडद निळे आभाळ म्हणजे ऊन, आणि उन्हात छपराच्या कडेची धारदार सावली भिंतीवर दिसायला हवी. ढगाळ उजेड चहूबाजूंनी येत असल्याने ती तिथे नव्हतीच. कॉन्ट्रास्ट वाढवून आणि उजळ भाग पिवळसर करून ऊन पडत नाही, भिंत नुसती आजारी दिसते.

मग लक्षात आले की घर उत्तराभिमुख आहे. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे ५० अंशांवर असतो. दर्शनी भिंतीवर ऊन येतच नाही आणि घराची सावली समोरच्या अंगणात घराच्या उंचीहून थोडी कमी पसरते. म्हणजे आमची बिनसावलीची भिंत डिसेंबरातही खरीच होती, फक्त सूर्य तिच्या मागे, चित्राच्या चौकटीच्या वर असायला हवा होता. म्हणून मी क्षितिजाकडे फिकट होत जाणारे, मागून उजळलेले आभाळ निवडले, भिंत किंचित निळसर केली, ओल्या जांभ्यातले प्रतिबिंब त्याच रंगाकडे ओढले आणि मागच्या उजेडाची झाक कडांवर यावी म्हणून हलका लाइट रॅप दिला. फिकट आभाळापुढे झावळ्यांची किनारही विरली.

मालक म्हणाले, “यात निळं कुठंय?” पूर्वीचा मी म्हणायचो की मागितले ते द्यावे, सावल्या मोजत कोण बसतो? त्याचे अगदीच चूक नाही. कोणी मोजत नाही, पण चित्र चिकटवल्यासारखे वाटते, आणि का वाटते ते सांगता येत नाही. अखेर आभाळाचा वरचा भाग थोडा गडद करून दिला. सूर्य वरच असताना तो भाग उजळ हवा, म्हणजे ते उलटे आहे, हे मला दिसते. मालकांना दिसत नाही, आणि निवास त्यांचा आहे.

दक्षिणाभिमुख घर घेऊन आलात, तर ही पळवाटही नाही. तेव्हा मी डिसेंबरपर्यंत थांबायलाच सांगेन.