तुम्ही विचारलंत म्हणून: साहेबांच्या निरोपाचं भाषण इंग्रजीत नेताना

‘प्लँट मॅनेजर साहेब रिटायर होतायत. भाषण मराठीत लिहिलंय, पण जर्मन सहकारीही असतील. इंग्रजी कसं करू?’

आधी भाषणातला एक प्रसंग पक्का करा. ‘साहेब म्हणजे आमच्या डोक्यावरचं छत्र’ हे मराठीत पोचतं, इंग्रजीत मात्र नुसती छत्री उरते. त्याऐवजी साहेबांनी काय केलं ते सांगा: ‘साहेबांनी कुणावर आवाज चढवला नाही, पण लाइन थांबली की पहिले पाय त्यांचे.’ शब्दाला शब्द लावलात तर इथं नुसतेच पाय येतील. म्हणून वाक्य मोडा: ‘ही नेव्हर रेज्ड हिज व्हॉइस. व्हेनेव्हर द लाइन स्टॉप्ड, ही वॉज द फर्स्ट टु रीच इट.’ पाय गेले, माणूस राहिला. छत्र जे सांगणार होतं तेही यात आलं.

सगळ्यात जपायचं ते निरोपाच्या शब्दांना. ‘साहेब आपल्याला सोडून चाललेत’ याचं ‘ही इज लीव्हिंग अस’ चालतं, पण घाईत ‘ही हॅज लेफ्ट अस’ झालं की ऐकणाऱ्याला माणूस वारल्यासारखं वाटतं. ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ तर मराठीतही श्रद्धांजलीचीच भाषा. ती मुळातूनच काढा. ‘आमचं काही चुकलं असेल तर माफ करा’ ही आपल्याकडची रीत आहे, इंग्रजीत मात्र खरोखरच काही बिघडलं होतं की काय असं वाटतं. तिथं ‘थँक यू फॉर युअर पेशन्स विथ अस’ पुरे.

खंडेनवमी मात्र गाळू नका. ‘वर्षातून एक दिवस आम्ही यंत्रं पुसतो, झेंडूच्या माळा घालून पूजा करतो’ एवढं एक वाक्य इंग्रजीत जोडा. त्या दिवशी साहेब सगळ्यात जुन्या प्रेसपाशी उभे राहायचे, हे मग जर्मन पाहुण्यांनाही कळतं. शाल-श्रीफळाचंही तसंच: देण्याआधी एका वाक्यात सांगा, नाहीतर हातात नारळ का दिला हे पाहुण्यांना कळणार नाही.

आता वेळ. ‘यंत्रासमोर’ हा एक शब्द इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ द मशीन’ असे पाच घेतो, त्यामुळे मराठीतले ४०० शब्द तिकडे सहज ५०० होतात. परिच्छेदागणिक दोन्ही भाषांत बोलायचं तर मराठी निम्मं करा. नाहीतर सभागृहाला दुसऱ्या परिच्छेदापासून कंटाळा येतो, आणि हशा दोनदा, तोही अर्धा अर्धा पडतो. त्यापेक्षा बोला मराठीतच आणि इंग्रजी कागद आधी हातात द्या. दोन्हीकडे परिच्छेदांना तेच आकडे घाला. बोलताना नवा परिच्छेद आला की आकडा म्हणा, म्हणजे पाहुणे जागा चुकत नाहीत.

कागद छापण्यापूर्वी मराठी न येणाऱ्या एकाला वाचायला द्या आणि साहेबांबद्दल काय कळलं ते विचारा. उत्तर ‘चांगला माणूस होता’ असं आलं, तर प्रसंग पोचलेला नाही. थांबलेली लाइन आठवली, तर छापा.