डबा कधी उघडला आणि केस कधी गळले

“जिमची पावडर घ्यायला लागल्यापासून मुलाचे केस गळतायत आणि तोंड-पाठ फोडांनी भरलीय. पावडर बंद करू का?”

फोडांसाठी काही महिने बंद करून बघा. केसांसाठी मात्र बंद करून फरक पडेल असं मला वाटत नाही. तिथे बहुधा दोष पावडरीचा नसतो, पावडरीबरोबर बाकीचं जेवण किती कमी केलं त्याचा असतो. मी इंदूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न घेऊन आया येतात तेव्हा मी आधी कागद घेते आणि तारखा विचारते. डबा कधी उघडला, पहिला फोड कधी आला, केस कधी गळायला लागले, आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत काय काय झालं?

मागच्या वर्षी आमच्या राजेंद्रनगरातला एक बावीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. त्याच्या तारखा अशा होत्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिम सुरू. रोज अर्धा लिटर सायविरहित दुधात व्हे प्रोटीनचे दोन स्कूप आणि दोन केळी. जिममधून घरी येताना पोहे-जिलेबी. फेब्रुवारीच्या मध्याला कपाळावर, जबड्याच्या कडेला आणि पाठीवर फोड यायला लागले. एप्रिलमध्ये त्याने ‘कटिंग’, म्हणजे चरबी उतरवायला जेवण कमी करणं, सुरू केलं. सकाळी काळी कॉफी, दुपारी पाण्यात पावडर आणि काकडी, रात्री वाटीभर मुगाचं वरण आणि थोडं पनीर. दोन महिन्यांत वजन ७१ वरून ६२ किलोवर आलं. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीत केसच केस. आईने पावडरीचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि दोन्हीचा ठपका त्याच्यावरच ठेवला.

आधी फोडांचं बघू. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन. गाईच्या एक लिटर दुधात ते साधारण सहा ग्रॅम असतं. एका स्कूपमध्ये चोवीस ग्रॅम प्रथिन धरलं तर तेवढं व्हे मिळायला जवळजवळ चार लिटर दूध लागेल. दोन स्कूप म्हणजे आठ लिटर दुधातलं व्हे, तेही दोन घोटांत. ते पचतं भराभर आणि त्याने इन्सुलिन चांगलंच वाढतं. इन्सुलिन आणि त्याच्यासोबत वाढणारं, पेशींची वाढ घडवणारं आयजीएफ-१ हे संप्रेरक त्वचेखालच्या तेलग्रंथींना जास्त तेल करायला लावतात आणि रंध्राच्या तोंडाशी पेशी वाढवतात. ज्याच्या त्वचेत मुरुमांची प्रवृत्ती आहे, त्याच्याकडे ही ठिणगी पुरते.

पुरावा किती भक्कम आहे, तेही सांगायला हवं. २०१२ साली दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाच-पाच तरुणांच्या नोंदी छापल्या. व्हे घेताना या मुलांना मुरुम आले किंवा वाढले होते. पण दहा जणांच्या नोंदी म्हणजे चाचणी नव्हे. पुढे २०२४ मध्ये छापलेल्या एका छोट्या पण नीट आखलेल्या चाचणीत सौम्य-मध्यम मुरुमांच्या तरुणांमध्ये व्हेने फरक दिसला नाही. म्हणून मी ‘व्हेमुळे सगळ्यांना मुरुम येतात’ असं म्हणत नाही. काहींना येतात, आणि तुमचा मुलगा त्यांतला आहे का हे त्याच्यावरच ताडून बघावं लागतं.

पोहे-जिलेबीचा मुद्दाही मी बाजूला ठेवत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २००७ मध्ये ४३ तरुणांवर बारा आठवड्यांची चाचणी केली. ज्यांच्या जेवणातून रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरुम दुसऱ्या गटाच्या साधारण दुप्पट कमी झाले. मात्र त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कशाचं हे वेगळं काढता येत नाही. आमच्या मुलाच्या तारखा इथे उपयोगी पडल्या. एप्रिल-मेमध्ये जिलेबी पूर्ण बंद होती, पावडर चालू होती, आणि पाठीचे फोड तसेच होते. माझा संशय पावडरीकडे वळला तो यामुळे.

आता केस. डोक्यावरचा केस काही वर्षं वाढतो, मग विश्रांतीला जातो आणि दोन-तीन महिन्यांनी गळतो. उपासमार, मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरलेलं वजन असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. म्हणून आजचं गळणं हे दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या धक्क्याचं असतं. जूनमधून मागे मोजलं की आपण नेमके कटिंगच्या सुरुवातीला पोचतो. प्रथिन त्याला पुरेसं मिळत होतं, पण एकूण ऊर्जा इतकी तोकडी की शरीराने केसांचा खर्च थांबवला. पावडर त्याला वाचवू शकली नाही, एवढंच.

हे गळणं ओळखायचं कसं? केस सगळ्या डोक्याभर विरळ होतात, गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरी गाठ दिसते. त्वचारोगतज्ज्ञ पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात. सहाहून जास्त हातात आले तर गळणं चालू आहे असं समजतात. त्याचे नऊ आले. टक्कल वेगळं दिसतं. त्यात कानशिलांवर आणि टाळूवर केस बारीक, आखूड होत जातात. ते आनुवंशिक असतं, पुरुषी संप्रेरकाच्या डीएचटी या रूपाने घडतं, आणि व्हेने ते होतं असा पुरावा नाही.

स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिनच्या पावडरीचीही मुलांना केसांसाठी भीती असते. ती आली दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंच्या २००९ च्या एका अभ्यासातून. त्यात डीएचटी वाढलं होतं, पण केस कोणी मोजलेच नव्हते. २०२५ च्या चाचणीत बारा आठवडे रोज पाच ग्रॅम देऊन केसही तपासले, आणि डीएचटीत वा केसांत फरक मिळाला नाही.

मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, व्हे बारा आठवडे बंद, आणि त्या काळात साबण, तेल, क्रीम काहीही बदलायचं नाही. त्वचेखाली मुरुम तयार होऊन वर यायला आठवडे लागतात, पंधरा दिवसांत निकाल लागत नाही. दुसरी, पोळी-भात परत सुरू करायचा. वजन ६२ किलो, व्यायाम धरून त्याला दिवसाला पाऊणशे ग्रॅम प्रथिन पुरे होतं. दोन अंडी, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्या, दोन वाट्या वरण, शंभर ग्रॅम पनीर. एवढ्यात सत्तर ग्रॅम होतात, उरलेलं पोळ्या भरून काढतात.

रक्तात लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासायचं होतं. तो केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होता. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकवू शकतं, म्हणून लॅबला सांगून त्या तीन दिवस आधी थांबवल्या. दोन्ही निकाल ठीक आले.

एक सावधगिरी मात्र कडक. छाती-खांद्यांवर अचानक एकसारखे मोठे फोड, सोबत स्नायू झपाट्याने फुगणं, स्तनाच्या जागी दुखरी गाठ, असं असेल तर जिममधून मिळालेल्या गोळ्या किंवा इंजेक्शन विचारा. स्टेरॉइडने फोडही येतात आणि टक्कलाची प्रवृत्ती असेल तर केसही जातात. खड्डे पडणारे, दुखणारे फोड असतील तर जेवण बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

ऑक्टोबरपर्यंत त्याच्या पाठीवरचे नवे फोड थांबले, कपाळावरचे निम्मे झाले. गळणं सप्टेंबरमध्येच ओसरलं होतं आणि कपाळाच्या रेषेवर आखूड नवे केस उभे होते. दिवाळीनंतर त्याने व्हेचा एक स्कूप परत सुरू केला, तेव्हा जबड्याशी तीन-चार फोड आले. घरात तेव्हा फराळही होता, म्हणून मी तो निकाल धरला नाही. जानेवारीत गोड नसताना परत घेऊन बघ, असं सांगितलं.