सोनेरी केस काळे करताना

‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’ हा 1997चा प्लेस्टेशनवरचा खेळ मी अजूनही संगणकावर इम्युलेटर टाकून, स्वतःच्या डिस्कच्या इमेजवरून खेळतो. माझ्या तुकडीतली एक बाई योद्धा सोनेरी केसांची आहे. धाकट्या बहिणीचं म्हणणं पडलं की तिचे केस काळेभोर हवेत आणि अंगरखा आईच्या इरकल साडीसारखा हिरवा. चित्र नव्याने काढण्याची गरज नव्हती, फक्त पॅलेट, म्हणजे रंगांचा तक्ता, बदलायचं होतं. ते कसं जमलं ते लिहितो, कारण यातल्या अडचणी ‘कुठला रंग घ्यायचा’ याच्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी असतात.

या खेळात प्रत्येक पेशाच्या माणसाचं चित्र `.SPR` फाइलमध्ये असतं. चित्रातल्या ठिपक्यांमध्ये रंग साठवलेला नसतो, 0 ते 15 यांपैकी एक क्रमांक असतो. कुठल्या क्रमांकाला कुठला रंग, याचा तक्ता फाइलच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या 512 बाइटांत असतो. तिथे सोळा संच आहेत आणि प्रत्येक संचात सोळा रंग. पहिले आठ संच मैदानावरच्या आकृतीचे, पुढचे आठ चेहऱ्याच्या चित्राचे. आपल्या तुकडीतल्या माणसांना पहिला संच लागतो. शत्रूकडच्या त्याच पेशाच्या माणसांना सहसा वेगळा संच असतो, त्यामुळे माझ्या बदलाने त्यांचे कपडे बदलले नाहीत.

डिस्कच्या इमेजमधून ती फाइल `CDmage` वापरून बाहेर काढली, मूळ प्रत वेगळी ठेवली आणि दुसरी प्रत फाइलचे बाइट दाखवणाऱ्या `HxD`मध्ये उघडली. आता केसांचे क्रमांक कुठले? अंदाज बांधण्यापेक्षा मी एकेका क्रमांकाला भडक गुलाबी रंग देऊन खेळात पाहिलं. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळू नये. गुलाबी केसांत उमटला की क्रमांक केसांचा, हातावर उमटला की त्वचेचा. यातूनच महत्त्वाची गोष्ट कळली. केसांची सर्वात उजळ छटा अंगरख्याच्या कडेलाही वापरलेली होती. सोळाच रंगांत माणूस उभा करायचा म्हणजे चित्रकाराने अशी वाटणी केलेलीच असते. ती कड केसांपासून वेगळी करायची तर चित्रातले ठिपकेच बदलावे लागतात आणि त्यासाठी एखादा क्रमांक मोकळा लागतो. इथे एकही मोकळा नव्हता. म्हणजे केस काळे केले की कडही काळसर होणार, हे धरूनच हिरवा निवडायचा होता.

रंग लिहिण्याची पद्धतही समजून घ्यावी लागते. एका रंगाला दोन बाइट असतात. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी 0 ते 31 एवढ्याच पायऱ्या. आपल्या रोजच्या 0 ते 255च्या आकड्याला आठने भागून पूर्णांक घ्यायचा. साडीचा मला पटलेला हिरवा 24, 88, 56 होता, तो झाला 3, 11, 7. मग 3 अधिक 11 गुणिले 32 अधिक 7 गुणिले 1024, म्हणजे 7523. सोळाच्या पद्धतीत `1D63`. फाइलमध्ये मात्र बाइट उलट क्रमाने जातात, आधी `63` आणि मग `1D`. क्रमांक 5चा रंग बदलायचा असेल तर पहिल्या संचात तो दहाव्या बाइटपासून सुरू होतो, मोजणी शून्यापासून.

काळ्या केसांत खरी मेख आहे. प्लेस्टेशनवर `0000` हा आकडा काळा मानला जात नाही, तो पारदर्शक असतो. केसांच्या सर्वात गडद छटेला शुद्ध शून्य दिलं की डोक्यात भोकं पडतात आणि त्यातून मागचं गवत किंवा फरशी दिसते. मैदानावर आकृती फिरवल्यावर भोकांतला रंग जमिनीप्रमाणे बदलत गेला, तर कारण हेच समजावं. म्हणून सर्वात गडद छटा तिन्ही रंगांत निदान 1 ठेवायची. डोळ्यांना ती काळीच दिसते.

दुसरा प्रश्न छटांमधल्या अंतराचा. सोनेरी केसांच्या छटा एकमेकींपासून लांब होत्या, म्हणून बटा दिसत. काळ्यात सगळ्या छटा तळाशी गोळा होतात आणि डोकं डांबराच्या गोळ्यासारखं दिसतं. शेजारचे अण्णा सुताच्या रंगाईचं काम करतात. त्यांना पडद्यावर दाखवलं. ते म्हणाले, “काळा कुठला पाहिजे, निळसर का तांबूस? आधी ते ठरव. आणि उजळ सूत अजून उजळ कर, भिऊ नको.” निळसर ठरवला आणि शेवटी तीन छटा अशा लिहिल्या:

```
गडद    1, 1, 1     21 04
मधली   3, 3, 5     63 14
उजळ    7, 7, 10    E7 28
```

उजळ छटा एकटी पाहिली तर राखाडी-निळी वाटते, काळी म्हणवत नाही. पण आकृती इतकी लहान आहे की शेजारच्या गडद ठिपक्यांमुळे ती केसांवरची चमक वाटते. अंगरख्याची कडही याच रंगाची झाली आणि हिरव्यावर ती शोभली. हिरवा थोडा अधिक गडद असता तर कड त्यात बुडाली असती. साडी आम्ही दुपारी गच्चीत नेऊन पाहिली होती, ते बरं झालं. घरातल्या ट्यूबलाइटखाली तोच हिरवा निळसर दिसतो.

फाइलचा आकार बदललेला नसल्यामुळे `CDmage`ने ती जुन्या फाइलच्या जागी नीट बसवली. इमेज थेट `HxD`मध्ये उघडून बाइट बदलण्याचा मोह आवरावा. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरमध्ये डेटाशिवाय तपासणीचे बाइटही असतात, ते मग जुळत नाहीत.

एवढं करूनही जुने सोनेरी केसच दिसले, तर आधी इम्युलेटरची सेव्ह स्टेट आठवावी. ती चित्रांच्या मेमरीसकट सगळं जसंच्या तसं परत आणते, जुन्या पॅलेटसकट. इम्युलेटर नव्याने सुरू करून मेमरी कार्डवरचा सेव्ह उघडला आणि लढाईत शिरलो की फाइल डिस्कवरून पुन्हा वाचली जाते. मी प्रत्येक चाचणी अशीच केली.

चेहऱ्याचं चित्र मात्र सोनेरीच राहिलं होतं, कारण त्याचा संच वेगळा, 256व्या बाइटपासूनचा. तिथे मैदानावरच्या आकृतीचे क्रमांक गृहीत धरले नाहीत, गुलाबी रंगाची चाचणी पुन्हा केली. चेहरा मोठा दिसत असल्याने तिथे उजळ छटा एक पायरी खाली आणली, नाहीतर केस पिकल्यासारखे वाटत होते.

आणि एक मर्यादा, जी सुरुवातीलाच माहीत असलेली बरी. बदल माणसाला चिकटत नाही, पेशाला चिकटतो. तुकडीतली त्याच पेशाची दुसरी बाईही आता काळ्या केसांची आणि हिरव्या अंगरख्याची झाली आहे. उलट आपल्या योद्धीचा पेशा बदलला की नवी फाइल लागते आणि केस परत मूळ रंगाचे होतात. म्हणून बहिणीने ती ज्या पेशांत फिरते त्यांची यादी करून दिली आहे. पुढची फाइल तिरंदाजाची घेतली असून तिचे केसांचे क्रमांक शोधून झाले आहेत.