नव्वद दिवस आधीची मीटिंग

आज भोसरीत आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका लिफ्ट मेन्टेनन्सवाल्या ग्राहकाकडे गेले होते. करार संपायला बरोबर 90 दिवस आहेत. रद्द करायचं तर 60 दिवस आधी कळवायचं, असं करारात आहे. म्हणजे काही बिघडलं असेल तर दुरुस्त करायला माझ्या हातात महिनाच.

मी हौसेनं लॉगिनचा आलेख उघडला. शेठनी चहा ढवळत विचारलं, "मॅडम, पोरं लॉगिन करतात, त्यात माझं काय वाचलं?" बरोबरच होतं त्यांचं. मग तक्रारींची नोंद काढली. पहिल्या महिन्यात तक्रार नोंदवून ती बंद व्हायला सरासरी 31 तास लागत होते, गेल्या महिन्यात 12. शेठ खुर्ची पुढे ओढून बसले. (तक्रारींची संख्या दोन्ही महिन्यांत साधारण सारखीच आहे, हे आधी तपासलं होतं. नाहीतर या तुलनेला अर्थ नाही.)

मग लपवावासा वाटणारा आकडा मीच सांगितला: 40 लायसन्स, वापरात 27. उरलेले 13 कोण? सगळे रात्रपाळीचे! सुपरवायझरला बोलावलं, तर त्यांचे ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरवर जात होते. पाच महिने कुणी बोललं नाही, आणि आम्हीही पाहिलं नाही.

नंबर तिथेच बदलले. शेठ म्हणाले, "महिनाभर बघतो. नाही वापरलं तर 30 चंच बिल करा."

पुढच्या सोमवारी रात्री दहाला परत भोसरी. रात्रपाळी स्वतः बघून येते.