तारीख पुढे गेली, आता ताईंना सांगायचं कसं?

“काम वेळेत होणार नाही हे कळल्यावर क्लायंटला नक्की काय लिहिता? आणि समोरचा चिडला तर?”

कळल्या दिवशी लिहिते, आणि चिडायचा हक्क त्याचाच असतो. पण क्लायंटच्या आधी मी प्रिंटरला फोन करते. का, ते 2025 च्या ऑगस्टमधल्या एका कामावरून सांगते.

साताऱ्याकडच्या एक ताई मसाले, भाजणी, मेतकूट करतात. त्यांच्या चार पाऊचचं डिझाइन माझ्याकडे होतं. गुरुवारी, 14 तारखेला रिव्ह्यू कॉल आणि शुक्रवारी, 22 ला छपाईच्या फायली द्यायच्या, असं ठरलं होतं. मंगळवारी संध्याकाळी प्रिंटरकडून पाऊचची कीलाइन, म्हणजे घड्या आणि सील कुठे येतात ते दाखवणारा साचा आला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी साधा, तीन बाजूंनी सील होणारा पाऊच धरून सगळं मांडलं होतं. ताईंनी मात्र उभा राहणारा, झिपवाला पाऊच घेतला होता. त्याला खाली घडी असते, गसेट म्हणतात ती. मागच्या बाजूला मी तळाशी ठेवलेलं वजन, किंमत आणि 14 आकडी परवाना नंबर बरोबर त्या घडीत जात होता. वरचं नाव झिपच्या पट्टीवर चढत होतं. चारही पाऊच नव्याने मांडायला हवे होते. चूक माझी, कीलाइन आधी मागवायला हवी होती.

पहिला मसुदा लिहिला तो “काही अपरिहार्य कारणास्तव” असा. वाचून माझं मलाच हसू आलं, वीज जाणार असल्याची नोटीस वाटत होती. खोडला.

मग प्रिंटरला विचारलं, “फायली शेवटच्या कधीपर्यंत चालतील?” या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. एकदा कोरल्यावर चूक सापडली तर तो सिलिंडर पुन्हा करावा लागतो, त्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. म्हणून घाईत फाइल देणं हा पर्यायच नव्हता. ते म्हणाले, “मंगळवारी 26 ला दुपारपर्यंत द्या. बुधवारी गणपती, पोरं गावाला जाणार.” आता मला भिंत दिसली आणि तिथून मागे मोजता आलं. फायली सोमवारी 25 ला. शेवटचा प्रूफ शनिवारी 23 ला. दुरुस्त्या गुरुवार-शुक्रवार. म्हणजे ताईंचे बदल बुधवारी 20 ला संध्याकाळपर्यंत हवेत आणि कॉल सोमवारी 18 ला.

इथेच बरेच जण फसतात. कॉल चार दिवस सरकला म्हणून फायलीही चार दिवस सरकवल्या असत्या, तर त्या 26 लाच पोचल्या असत्या, म्हणजे एका दुपारचीही सवड उरली नसती. मी तीनच दिवस सरकवल्या. पण मधला तो दिवस कुठून तरी येतो. आधी ताईंना 15 ऑगस्टची सुट्टी आणि शनिवार-रविवार धरून सोमवारपर्यंत पाऊच निवांत बघता येणार होते, आता दोनच दिवस उरले. हे आपण होऊन सांगावं लागतं, नाहीतर बुधवारी रात्री “अजून घरच्यांना दाखवायचंय” असं येतं.

त्याच संध्याकाळी आधी फोन केला आणि मग हे पाठवलं:

“ताई, गुरुवारचा कॉल सोमवारी 18 ला सकाळी 11 वाजता घेऊ या. फायली 22 ऐवजी 25 ला देईन. पाऊचचा साचा मी आधी तपासला नाही, त्यामुळे चारही मागच्या बाजू नव्याने मांडतेय. पुढच्या बाजूंचे रंग आणि चित्रं तयार आहेत, ती उद्या पाठवते, तेवढी बघून ठेवा. कॉलनंतर तुमचे बदल बुधवारी संध्याकाळपर्यंत लागतील, आधीपेक्षा वेळ कमी आहे, माफ करा. प्रिंटरशी बोलले आहे, तुमचा माल घटस्थापनेआधीच येईल. दुसरा हप्ताही कॉल झाल्यावरच द्या.”

हप्त्याचं वाक्य मुद्दाम घातलं. तो रिव्ह्यूला बांधलेला होता. कॉल मी पुढे ढकलायचा आणि पैसे मात्र जुन्या तारखेला मागायचे, हे बरं दिसत नाही. आणि “एक-दोन दिवस” असं कुठेही लिहिलं नाही. तसं लिहिलं की समोरचा एक ऐकतो, आपण दोन धरतो.

ताई फोनवर चिडल्या होत्याच. “साचा मी जुलैमध्येच सांगितला होता ना?” हो, सांगितला होता. मी “हो” म्हटलं आणि गप्प बसले. तासाभराने उत्तर आलं:

“11 ला नको, तेव्हा भाजणी भट्टीवर असते. 4 ला करा.”